भागधारकांच्या सभेची सूचना आणि प्रॉक्सीची नेमणूक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंपनीकडून सर्वसाधारण सभेची सूचना आली की बहुतेक भागधारक त्यात दोनच गोष्टी शोधतात, सभेची तारीख आणि लाभांशाचा आकडा. प्रॉक्सीबद्दलचा, म्हणजे सभेत तुमच्या ऐवजी जाऊन मत देणाऱ्या माणसाबद्दलचा, मजकूर शेवटच्या टिपांमध्ये बारीक अक्षरांत असतो, आणि फॉर्म बाद होतात ते बहुधा त्या टिपा न वाचल्यामुळे. म्हणून या पानावर सगळ्यात जास्त जागा प्रॉक्सीला दिली आहे. उत्तरांना आधार आहे तो कंपनी कायदा २०१३, त्याखालचे २०१४ चे व्यवस्थापन व प्रशासन नियम आणि इन्स्टिट्यूट ऑफ कंपनी सेक्रेटरीज ऑफ इंडियाचं सर्वसाधारण सभांविषयीचं मानक, ज्याला सगळे 'एसएस-२' म्हणतात. सहकारी संस्थांचा कायदा वेगळा आहे, तिथे ही उत्तरं लावू नका.

सोयीसाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. समजा, एक सार्वजनिक कंपनी आहे. शेअर बाजारात तिची नोंदणी नाही. सभासद १,४००, एकूण शेअर १० लाख, दर्शनी किंमत प्रत्येकी १० रुपये. तिची सूचना साधारण अशी असेल :

> सूचना देण्यात येते की, कंपनीच्या भागधारकांची वार्षिक सर्वसाधारण सभा शुक्रवार, दि. २६ सप्टेंबर २०२५ रोजी सकाळी ११.०० वाजता कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयात पुढील कामकाजासाठी होईल.
>
> साधारण कामकाज : (१) दि. ३१ मार्च २०२५ रोजी संपलेल्या वर्षाची वित्तीय पत्रके आणि त्यावरील संचालक मंडळाचा व लेखापरीक्षकांचा अहवाल विचारात घेणे. (२) लाभांश जाहीर करणे. (३) आळीपाळीने निवृत्त होणाऱ्या व पुनर्नियुक्तीस पात्र असलेल्या संचालकाच्या जागी नेमणूक करणे.
>
> विशेष कामकाज : (४) कंपनीच्या नियमावलीत बदल करणे (विशेष ठराव).
>
> टीप : सभेस उपस्थित राहण्याचा व मत देण्याचा हक्क असलेल्या सभासदास आपल्या ऐवजी प्रॉक्सी नेमता येईल. प्रॉक्सी कंपनीचा सभासद असण्याची आवश्यकता नाही. प्रॉक्सीचा फॉर्म सभा सुरू होण्याच्या किमान ४८ तास आधी नोंदणीकृत कार्यालयात पोहोचला पाहिजे.

सूचना किती दिवस आधी यायला हवी?

पूर्ण २१ दिवस आधी. 'पूर्ण' म्हणजे सूचना पाठवल्याचा दिवस धरायचा नाही आणि सभेचा दिवसही धरायचा नाही. सभा २६ सप्टेंबरला आहे, तर मधले २१ दिवस म्हणजे ५ ते २५ सप्टेंबर. त्यामुळे ई-मेलने सूचना पाठवण्याची शेवटची तारीख ४ सप्टेंबर. टपालाने पाठवायची तर पोहोचण्यासाठी आणखी दोन दिवस धरावे लागतात, म्हणजे २ सप्टेंबरच्या आत ती टपालात पडायला हवी.

वार्षिक सभेसाठी यापेक्षा कमी मुदत चालते, पण मतदानाचा हक्क असलेल्या किमान ९५ टक्के सभासदांनी लेखी किंवा ई-मेलने संमती दिली तरच. घरच्या चार माणसांच्या खासगी कंपनीत हे सहज होतं. १,४०० सभासदांच्या कंपनीत तो विचार सोडून द्यावा.

मला सूचना मिळालीच नाही. सभा रद्द होते का?

नुसत्या तेवढ्यावरून नाही. एखाद्या सभासदाला सूचना पाठवायची चुकून राहिली किंवा त्याला ती मिळाली नाही, तर सभेतलं कामकाज बाद होत नाही, असं कायद्यातच आहे. हे संरक्षण अनवधानासाठी आहे. विरोधात मत देणाऱ्यांना ठरवून वगळलं असेल तर कंपनीला त्यामागे लपता येत नाही. आधी आपला ई-मेल आणि पत्ता डीमॅट खात्यात किंवा कंपनीच्या नोंदीत बरोबर आहे का ते बघा. बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच सापडतं.

सभेची तारीख, वेळ आणि जागा कंपनी मनाला येईल तशी ठरवू शकते का?

वार्षिक सभेच्या बाबतीत नाही. ती राष्ट्रीय सुट्टीच्या दिवशी घेता येत नाही आणि तिची वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ६ यांच्या दरम्यान असावी लागते. जागा नोंदणीकृत कार्यालय, किंवा ते ज्या शहरात वा गावात आहे त्याच्या हद्दीतली. बाजारात नोंदणी नसलेल्या कंपनीला सभा भारतात इतरत्र घेता येते, पण त्यासाठी सगळ्या सभासदांची आगाऊ संमती लागते. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपत असेल तर सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सभांची झुंबड उडते ती याच कारणाने. सूचनेसोबत सभास्थानाचा नकाशा आणि जवळची ठळक खूण द्यावी, असंही एसएस-२ सांगतं.

'साधारण' आणि 'विशेष' कामकाज यांत फरक काय?

वार्षिक सभेत चारच विषय साधारण धरले जातात : वित्तीय पत्रकं व अहवाल, लाभांश, निवृत्त होणाऱ्या संचालकांच्या जागी नेमणूक, आणि लेखापरीक्षकांची नेमणूक व मानधन. बाकी सगळं विशेष. वार्षिक सभा सोडून होणाऱ्या सभेत तर प्रत्येक विषय विशेषच.

विशेष विषय असला की सूचनेला स्पष्टीकरणात्मक निवेदन जोडणं बंधनकारक आहे. त्यात प्रस्तावाची कारणं तर हवीतच, शिवाय संचालक, मुख्य अधिकारी आणि त्यांचे नातेवाईक यांचा त्यात काही हितसंबंध असेल तर तोही सांगावा लागतो. निवेदनात हे दडवल्यामुळे एखाद्या संचालकाला फायदा झाला, तर तो फायदा कंपनीसाठी विश्वस्त म्हणून धरलेला मानला जातो आणि कंपनीला भरून द्यावा लागतो. सूचनेतलं एकच पान वाचायला वेळ असेल तर हे वाचा. ठरावाची भाषा वकिली असते, खरा हेतू निवेदनात कळतो.

आणखी एक घोळ इथेच मिटवू. विशेष कामकाज आणि विशेष ठराव या वेगळ्या गोष्टी आहेत. विशेष कामकाजातला विषयही साध्या बहुमताच्या साधारण ठरावाने मंजूर होऊ शकतो. विशेष ठरावाला मात्र बाजूची मतं विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट लागतात आणि ठराव 'विशेष' म्हणून मांडणार असल्याचं सूचनेत लिहावं लागतं. आपल्या उदाहरणात नियमावली बदलण्याच्या ठरावावर बाजूने ३,६०,००० आणि विरोधात १,२०,००० मतं पडली, तर बरोबर तिप्पट होऊन ठराव मंजूर. बाजूने मत देणाऱ्या एखाद्या ५०० शेअरवाल्या सभासदाचा प्रॉक्सी फॉर्म बाद झाला की बाजूची मतं ३,५९,५०० होतात आणि ठराव पडतो. जे सभेला आले नाहीत किंवा तटस्थ राहिले ते या हिशेबात धरले जात नाहीत.

'आयत्या वेळचे विषय' घेता येतात का?

नाही. सूचनेत नसलेल्या विषयावर सभेत ठराव करता येत नाही. प्रश्न विचारता येतात, चर्चा करता येते, एवढंच.

प्रॉक्सी कोणाला नेमता येतं?

साधारणपणे तुमचा विश्वास असलेल्या कोणालाही. त्या व्यक्तीकडे कंपनीचा शेअर असलाच पाहिजे असं नाही, आणि ही गोष्ट सूचनेत ठळकपणे छापणं कंपनीवर बंधनकारक आहे. मर्यादा दोन आहेत. एक माणूस जास्तीत जास्त ५० सभासदांसाठी प्रॉक्सी होऊ शकतो, आणि त्या सगळ्यांचे मिळून शेअर मताधिकार असलेल्या एकूण भांडवलाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नयेत. आपल्या कंपनीत ही मर्यादा एक लाख शेअरची. एकाच सभासदाकडे १० टक्क्यांहून जास्त शेअर असतील तर तो एकाच माणसाला नेमू शकतो, पण मग त्या माणसाला दुसऱ्या कोणाचा प्रॉक्सी होता येत नाही.

एका माणसाच्या नावाने ५० हून जास्त फॉर्म आले, तर फॉर्मांची तपासणी सुरू होण्याआधी त्याने त्यांतले ५० निवडून कंपनीला कळवायचे असतात. त्याने तसं केलं नाही तर कंपनी आधी आलेले ५० धरते आणि बाकीचे सोडून देते. कोणी सभासदांकडून गठ्ठ्याने प्रॉक्सी गोळा करत असेल तर आपला फॉर्म त्या गठ्ठ्यात कितवा, हे विचारून घेतलेलं बरं.

प्रॉक्सीला सभेत काय करता येतं?

लोकांना वाटतं त्यापेक्षा कमी. प्रॉक्सी सभेत बसू शकतो, पण बोलण्याचा हक्क त्याला नाही. अध्यक्षांनी बोलू दिलं तर तो त्यांचा मोठेपणा. गणपूर्तीसाठीही तो मोजला जात नाही. आपल्या कंपनीत सभासद १,००० च्या वर आणि ५,००० च्या आत आहेत, म्हणून १५ सभासद स्वतः हजर लागतात. सभागृहात १४ सभासद आणि ४० प्रॉक्सी बसले असले तरी गणपूर्ती झालेली नाही. अर्धा तास थांबूनही ती झाली नाही तर सभा पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी, त्याच जागी जाते.

मताचा मुद्दा अधिक नाजूक आहे. हात वर करून मतदान झालं तर प्रॉक्सीचा हात मोजत नाहीत. त्याचं मत धरलं जातं ते मतपत्रिकेवर मतदान झालं तरच, म्हणजे ज्याला सभांमध्ये 'पोल' म्हणतात तेव्हा. आपल्या कंपनीत सभासद १,००० पेक्षा जास्त असल्याने ई-मतदानाची सोय देणं बंधनकारक आहे. अशा ठिकाणी हात वर करणं नसतंच, त्यामुळे प्रॉक्सीची अडचण होत नाही. लहान कंपनीत मात्र होते. तिथे तुमच्याकडे ४०,००० शेअर असोत की ४, हात एकच, आणि प्रॉक्सी पाठवलात तर तोही नाही. अशा वेळी पोल मागावा लागतो. त्यासाठी मागणाऱ्यांकडे मिळून एकूण मतांच्या एक दशांश मतं किंवा किमान ५ लाख रुपये भरणा झालेले शेअर हवेत. ही मागणी प्रॉक्सीमार्फतही करता येते. त्यामुळे लहान कंपनीत प्रॉक्सी पाठवताना पोलसाठी पुरेसे साथीदार आहेत का, हे आधी बघावं. नाहीतर तुमचा माणूस नुसता खुर्चीत बसून परत येईल.

फॉर्म कसा भरायचा?

फॉर्मचं नाव एमजीटी-११. तो सूचनेसोबतच येतो. आपल्या उदाहरणात २,००० शेअर असलेल्या एका मावशी आहेत. त्यांना सभेला जाणं जमणार नाही, म्हणून त्या भाच्याला नेमतात. वरच्या भागात त्या आपलं नाव, पत्ता, ई-मेल आणि डीमॅट खात्याचा डीपी आयडी व क्लायंट आयडी लिहितात. कागदी शेअर असते तर फोलिओ क्रमांक लिहिला असता. नावाचं स्पेलिंग डीमॅट खात्यात आहे तसंच हवं, आधार कार्डावर आहे तसं नव्हे.

पुढे प्रॉक्सीसाठी तीन जागा असतात. तिघं एकत्र जातील असा त्याचा अर्थ नाही. पहिला नाही आला तर दुसरा, तोही नाही आला तर तिसरा, असा तो क्रम आहे. मावशींनी पहिल्या जागी भाचा आणि दुसऱ्या जागी शेजारीण लिहिली, तर ऐन वेळी भाचा आजारी पडला तरी मत वाया जात नाही. बहुतेक लोक एकच नाव लिहून मोकळे होतात. हा क्रम फुकट मिळतो, तो वापरा.

मग ठरावांची यादी आणि त्यापुढे 'बाजूने' व 'विरोधात' असे रकाने. ते भरणं ऐच्छिक आहे. रिकामे ठेवले तर प्रॉक्सी आपल्या मनाने मत देतो. मावशींना नियमावलीतला बदल नको असेल तर चौथ्या ठरावापुढे 'विरोधात' या रकान्यात खूण करावी, तोंडी सांगण्यावर राहू नये.

शेवटी तारीख, रेव्हेन्यू स्टॅम्प आणि सह्या. स्टॅम्प चिकटवून त्यावरूनच सही करायची, म्हणजे तो पुन्हा वापरता येत नाही. प्रॉक्सीच्या सहीचीही जागा असते. संयुक्त नावांनी शेअर असतील तर सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात, म्हणजे पुढे वाद उरत नाही. मुखत्यारपत्राच्या आधारे दुसरं कोणी सही करत असेल तर ते पत्र किंवा त्याची प्रमाणित प्रत फॉर्मसोबतच द्यावी लागते.

४८ तास नेमके कसे मोजायचे?

सभेच्या वेळेपासून उलटे. सभा शुक्रवारी, २६ सप्टेंबरला सकाळी ११ ला, म्हणून फॉर्म बुधवारी, २४ सप्टेंबरला सकाळी ११ च्या आत पोहोचला पाहिजे. बुधवारी दुपारी कार्यालय उघडं आहे आणि माणूसही बसला आहे म्हणून दिलेला फॉर्म उशिराच झाला. बाद होणाऱ्या फॉर्मांत हा प्रकार नेहमी दिसतो, कारण लोकांच्या डोक्यात 'दोन दिवस आधी' असतं, तास नसतात.

फॉर्म पोहोचल्याची वेळ धरतात, टपालात टाकल्याची नाही. शेवटचा दिवस सुट्टीचा आला तरी कंपनीने फॉर्म स्वीकारला पाहिजे, असं एसएस-२ मध्ये आहे. नियमावलीत ४८ तासांहून जास्त मुदत लिहिली असेल तरी ४८ तासच धरले जातात. फॉर्मचा फोटो ई-मेलने पाठवून काम झालं असं समजू नका. सूचनेत तशी सोय स्पष्ट दिली नसेल तर मूळ कागद हाती किंवा टपालाने पोहोचवावा. हाती दिलात तर छायाप्रतीवर शिक्का, तारीख आणि वेळ लिहून घ्या. पुढे वाद झालाच तर तो या वेळेवरच होतो.

फॉर्म कोणत्या कारणांनी बाद होतो?

उशिराखेरीज, प्रॉक्सीचं नाव कोरं असेल, तारीख नसेल, स्टॅम्प नसेल किंवा त्यावर सही नसेल तर. सही कंपनीकडच्या नमुन्याशी जुळत नसेल तरी प्रश्न उभा राहतो. जुन्या कागदी शेअरच्या बाबतीत हे हमखास घडतं, कारण नमुना वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा असतो आणि वयानुसार सही बदललेली असते.

एकाच सभासदाचे दोन फॉर्म आले तर नंतरच्या तारखेचा धरतात. दोन्हींवर एकच तारीख असेल आणि वेळ लिहिलेली नसेल तर दोन्ही बाद. म्हणून प्रॉक्सी बदलायचा असेल तर नव्या फॉर्मवर तारखेसोबत वेळही लिहा.

प्रॉक्सी नेमल्यावर मी स्वतः गेलो तर?

तुम्ही आणि प्रॉक्सी दोघंही हजर राहिलात तर प्रॉक्सीची नेमणूक आपोआप रद्द होते. स्वतः न जाता ती रद्द करायची असेल तर सभा सुरू होण्याआधी कंपनीला लेखी कळवावं लागतं. इथे ४८ तासांची अट नाही. सभा तहकूब झाली तर तोच फॉर्म तहकूब सभेलाही चालतो, त्यासाठी नवा दिला नसेल तर.

ई-मतदान असताना प्रॉक्सी कशाला हवा?

रास्त प्रश्न आहे. आपल्या कंपनीत ई-मतदान २३ सप्टेंबरला सुरू होऊन २५ सप्टेंबरला संध्याकाळी ५ ला बंद होईल. किमान तीन दिवस आणि सभेच्या आदल्या दिवशी ५ ला समाप्ती, असा नियमच आहे. मत कोणाला देता येईल हे ठरवणारी तारीख सभेच्या सात दिवसांहून आधीची नसते, म्हणजे इथे १९ सप्टेंबर किंवा त्यानंतरची. मावशींना मोबाइलवर मत देता येत असेल तर खरं तर तोच सोपा मार्ग आहे. त्यांचं मत त्यांच्याच हातून जातं आणि स्टॅम्प-सहीची कटकट राहत नाही.

फक्त दोन्ही करू नका. ई-मतदान केलेल्या सभासदाला सभेला जाता येतं, पण पुन्हा मत देता येत नाही. मावशींनी आधीच ऑनलाइन मत दिलं असेल तर भाच्याची मतपत्रिका मोजली जाणार नाही. प्रॉक्सीचा खरा उपयोग ऑनलाइन मत देणं जमत नसलेल्यांना आणि ई-मतदान नसलेल्या लहान कंपन्यांच्या सभासदांना.

शेअर आमच्या कंपनीच्या किंवा ट्रस्टच्या नावावर आहेत. प्रॉक्सीच नेमावा लागेल का?

भागधारक ही कंपनी किंवा तत्सम निगम संस्था असेल तर संचालक मंडळाचा ठराव करून अधिकृत प्रतिनिधी पाठवा. तो प्रॉक्सी नसतो. तो सभासदासारखाच बोलू शकतो, हात वर करून मत देऊ शकतो आणि गणपूर्तीतही मोजला जातो. हातात हा मार्ग असताना एमजीटी-११ भरणं म्हणजे आपले हक्क आपणच कमी करणं. ट्रस्टचे शेअर बहुधा विश्वस्तांच्या नावावर असतात. तसं असेल तर नोंदीत ज्यांची नावं आहेत तेच सभासद, आणि त्यांना वरचेच नियम लागू.

सभा व्हिडिओ कॉन्फरन्सवर आहे आणि सूचनेत प्रॉक्सी फॉर्म नाही. चूक झाली आहे का?

नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२० पासून परिपत्रकांद्वारे अशा सभांना परवानगी दिली. प्रत्यक्ष हजर राहण्याचा प्रश्नच नसल्यामुळे त्यांत प्रॉक्सीची सोय ठेवलेली नाही. सूचनेत तसं लिहिलेलं असतं. निगम संस्थांचे प्रतिनिधी मात्र चालतात.

इतरांनी दिलेले प्रॉक्सी फॉर्म मला बघता येतात का?

हो, आणि चुरशीच्या ठरावावेळी हा हक्क जरूर वापरावा. सभेच्या वेळेआधी २४ तासांपासून सभा संपेपर्यंत, कामकाजाच्या वेळेत, मत देण्याचा हक्क असलेल्या कोणत्याही सभासदाला ते तपासता येतात. त्यासाठी किमान तीन दिवस आधी कंपनीला लेखी कळवावं लागतं. आपल्या उदाहरणात तपासणी गुरुवारी, २५ सप्टेंबरला सकाळी ११ पासून सुरू होते. कळवण्याचं पत्र २१ सप्टेंबरच्या आत पोहोचवलं तर तीन दिवस कसेही मोजले तरी पुरे पडतात. पण २१ ला रविवार आहे, म्हणून पत्र शनिवारी, किंवा शनिवारी कार्यालय बंद असेल तर शुक्रवारीच द्या. तपासताना तारीख, स्टॅम्पवरची सही आणि फॉर्म मिळाल्याच्या वेळेचा शिक्का या तीन गोष्टी आधी बघा. आक्षेप असेल तर तो मतदान सुरू होण्याआधी अध्यक्षांकडे लेखी नोंदवा.